शेजाऱ्यांनी चर खणला, पण सर्व्हेचा नकाशा नेमकं काय सांगतो?

*गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्या वडिलांचं घर आणि भोवतालचं माडांचं छोटं भाट आहे. वडील आता नाहीत. आई तिथे एकटी राहते, मी म्हापशाला असते, भाऊ पुण्याला. दिवाळीनंतर शेजारच्या दादांनी मधली झुडपांची जुनी वई काढून टाकली आणि चिऱ्यांच्या कुंपणासाठी चर खणला. मी सर्व्हेचा नकाशा कॉम्प्युटरवरून काढून पट्टीने मोजला. रस्त्याकडची रुंदी २२ मीटर येते. जागेवर टेप लावली तर चरापासून पलीकडच्या दगडी गडग्यापर्यंत २०.६ मीटरच भरते. म्हणजे दादांनी आमची जवळजवळ दीड मीटर जागा घेतली. भाऊ म्हणतो, पोलिसांत जा, नाहीतर चर बुजवून टाक. आई म्हणते, इतकी वर्षं चतुर्थीला एकमेकांकडे जेवलो, आता मोजणीवाले आणून शोभा करू नकोस. मला वाटतं सरळ सरकारी मोजणी मागवावी, म्हणजे तेच येऊन कुंपण हटवतील. बरोबर ना?*
*– एक वाचक*

ताई,

मोजणी मागवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण सर्व्हेयर येऊन कुंपण हटवेल ही अपेक्षा मनातून काढून टाका. तो येतो, नकाशातली हद्द जमिनीवर कुठे येते ते दाखवतो, दगड रोवतो, अहवाल लिहितो. चिरा हलवण्याचा अधिकार त्याला नाही. शिवाय अर्ज, फी, नोटिसा आणि तारीख यांत आठवडे जातात, कधी महिने. खणलेल्या चरावर चिऱ्याची भिंत मात्र चार-पाच दिवसांत उभी राहते. म्हणून मोजणीच्या आधी काम थांबवण्याचं बघायला हवं.

त्यासाठी आजच्या आज चराचे आणि वईचे फोटो काढा. वई उपटली तरी तिची खोडं, मुळं, मधल्या माडांची रांग, पाणी वाहायची जुनी पन्हळ यांच्या खुणा अजून दिसत असतील. एकदा भिंतीचा पाया भरला आणि माती ओढली की त्या जातात. टेप जमिनीवर अंथरून तिच्यावरचा आकडा आणि मागचं घर एकाच चौकटीत येईल असे फोटो घ्या. मग दादांना साध्या भाषेत पत्र द्या: आम्ही हद्दीची मोजणी मागत आहोत, ती होईपर्यंत कृपया काम थांबवा. ते पत्र पोचल्याची सही घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. पंचायतीत जाऊन या कुंपणाला परवाना दिला आहे का, आणि दिला असेल तर अर्जासोबत कोणता नकाशा जोडला होता, हे लेखी विचारा. परवाना नसेल तर पंचायत काम थांबवू शकते. पण परवाना असला म्हणजे हद्द ठरली असं होत नाही. परवाना बांधकामाचा असतो, मालकीचा नसतो. एवढं करूनही काम चालूच राहिलं तर वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात तात्पुरत्या मनाईसाठी जावं लागेल, आणि तिथे हे फोटो व हे पत्र हेच तुमचे पहिले कागद असतील.

चर मात्र बुजवू नका. भावाला हे स्पष्ट सांगा. आज तक्रार करणारे तुम्ही आहात. चर बुजवलात की तक्रार करणारे दादा होतील. आणि पोलीस फक्त शांतता राखतात. हद्द कुठे आहे हे ते ठरवू शकत नाहीत आणि ठरवतही नाहीत.

आता तुमच्या त्या दीड मीटरकडे वळू. खरं तर तो १.४ मीटर आहे, आणि त्यातला किती खरा, किती मोजण्यातला, हे आधी पाहू या. मला तुमच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, पण याच आकड्यावर दादांशी भांडण उभं राहणार आहे.

आपल्या गावांतल्या बहुतेक सर्व्हे नकाशांवर १:१००० हे प्रमाण छापलेलं असतं. तुमच्या नकाशावर ते आहे का, ते आधी वाचा. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. नकाशातली काळी रेघ साधारण पाव ते तृतीयांश मिलिमीटर जाड असते. म्हणजे त्या रेघेची नुसती जाडीच जमिनीवर २५-३३ सेंटिमीटर भरते. पट्टीने वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक कोणाचीही होते, म्हणजे अर्धा मीटर गेला. त्यातून तुम्ही घरी प्रिंट काढली आहे. प्रिंटर बहुधा चित्र कागदात बसवण्यासाठी दोन-तीन टक्के लहान करतो, आणि २२ मीटरमध्ये तीन टक्के म्हणजे ६६ सेंटिमीटर. झेरॉक्सचंही तेच. अशा वेळी नकाशावर मापपट्टी किंवा चौकडीच्या रेघा असतील तर त्या आधी मोजून बघायच्या. तिथे १०० मिलिमीटरच्या जागी ९७ आले, तर नकाशावरचं प्रत्येक माप त्याच प्रमाणात वाढवून वाचायचं. सगळ्यात बरं म्हणजे सर्व्हे ऑफिसमधून शिक्क्याची प्रमाणित प्रत घ्या आणि तीच वापरा.

दुसरी गोष्ट. भाटाचे तुकडे क्वचितच चौकोनी असतात. समजा तुमची जागा रस्त्याकडे २२ मीटर, मागच्या मेरेकडे २० मीटर आणि मध्ये ३५ मीटर खोल आहे. म्हणजे मागे जाताना दर मीटरला ती सुमारे पावणेसहा सेंटिमीटर अरुंद होत जाते. आता रस्ता रुंद होताना तुमच्या पुढच्या बाजूचे तीन मीटर त्यात गेले असतील, आणि ते नकाशात अजून उतरलेलं नसेल, तर तुम्ही आज ‘रस्त्याकडची’ म्हणून घेतलेली रुंदी ही नकाशातल्या पुढच्या कडेची नाहीच, तिच्या तीन मीटर मागची आहे. तिथे १७ सेंटिमीटर कमी भरणारच, आणि त्यात दादांचा हात नाही.

हे सगळं वजा केलं तर १.४ मीटरमधले १७ सेंटिमीटर आकाराचे, आणि अर्धा मीटर इकडेतिकडे नकाशा वाचण्यातला. उरतात सत्तर-पाऊणशे सेंटिमीटर. म्हणजे शंका घ्यायला जागा आहे, पण ‘दीड मीटर घेतली’ असं दादांच्या तोंडावर म्हणण्याइतकी ती पक्की नाही.

त्यातही सगळ्यांच्या नजरेतून सुटतं ते हे, की रुंदी कमी भरली एवढ्यावरून ती कोणत्या बाजूने कमी झाली हे कळत नाही. तुमच्या टेपचं एक टोक दादांच्या चराला होतं आणि दुसरं पलीकडच्या गडग्याला. तो गडगा कोणी बांधला? मूळ जागेवरच आहे की पावसात ढासळल्यावर कोणी तो पुन्हा रचताना आत सरकवला? दादांच्या वईवर शंका घेताना तुम्ही पलीकडचा गडगा आपोआप खरा धरला. सत्तर सेंटिमीटर तिकडेही गेलेले असू शकतात, किंवा थोडे इकडे आणि थोडे तिकडे.

म्हणून चांगला सर्व्हेयर वादातल्या हद्दीपासून मोजायला सुरुवात करत नाही. नकाशात आहेत आणि जमिनीवर अजून हललेल्या नाहीत अशा खुणा तो शोधतो: जुनी बांधीव बावडी, देवळाचा किंवा जुन्या घराचा कोपरा, रस्त्याचा फाटा, शिल्लक राहिलेला सर्व्हेचा दगड, तीन-चार सर्व्हे नंबरांच्या मेरा एकत्र येतात तो बिंदू. अशा किमान तीन जागा पकडून तो आधी बघतो की त्यांच्यामधली अंतरं नकाशाशी जुळतात का. जुळली तर तिथून तुमच्या हद्दीपर्यंत येतो. जुळली नाहीत तर आणखी खुणा शोधतो. मोजणीच्या दिवशी तुम्ही हेच एक बघा: सर्व्हेयर सुरुवात कुठून करतो. त्याने दादांच्या भिंतीचा कोपरा किंवा पलीकडच्या गडग्याचं टोक धरून मोजायला घेतलं, तर नम्रपणे विचारा की हा कोपरा नकाशात आहे का. वादातली रेघ धरून काढलेलं माप शेवटी त्याच रेघेला खरं ठरवतं.

म्हणून अर्जाच्या आधी एक दिवस आईबरोबर भाटाच्या बाहेर फिरून या. शेजारचे सर्व्हे नंबर दिसतील अशी नकाशाची मोठी प्रत घ्या आणि आईला विचारा, यातलं काय आधीपासून आहे. बावडी कधीची, तळीची कड कोणी बांधली, पायवाट तीच का. या माहितीला सर्व्हेयरपुढे किंमत असते.

अर्ज सेटलमेंट अँड लँड रेकॉर्ड्सच्या तालुक्याच्या निरीक्षकाकडे करायचा, म्हणजे आपण ज्याला सर्व्हे ऑफिस म्हणतो तिथे. सोबत एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद, प्रमाणित नकाशा, तुमचा मालकीचा दस्त आणि लागून असलेल्या सगळ्या जमीनधारकांची नावं-पत्ते. ‘सगळ्या’ या शब्दावर माझा भर आहे, कारण बरेच जण फक्त भांडणातल्या शेजाऱ्याचं नाव देतात. पलीकडच्या गडग्यावाल्यालाही नोटीस गेली पाहिजे, नाहीतर दगड त्याच्या बाजूला पडल्यावर तो म्हणेल, मला कोणी बोलावलंच नव्हतं. नोटीस न देता झालेली मोजणी पुढे न्यायालयात कच्ची ठरते. पूर्ण जागा मोजायची की फक्त एक बाजू, हेही अर्जात स्पष्ट लिहा. तुमच्या बाबतीत मी पूर्ण जागाच मोजा म्हणेन. तारीख पावसाळ्याबाहेरची मिळेल असं बघा. जूननंतर रान वाढतं आणि ओल्या मेरेवर खुणा सापडत नाहीत. आधीच्या दिवशी हद्दीवरची झुडपं कापून ठेवा, एका कोपऱ्यातून दुसरा दिसला पाहिजे.

एक कागदी अडचण तुमच्याकडे असणार असं वाटतं. वडील गेल्यानंतर एक-चौदावर नाव कोणाचं आहे? वडिलांचंच असेल तर वारसांची नावं चढवून घ्या, म्हणजे म्युटेशन. ते व्हायचं असलं तरी मोजणीचा अर्ज आई, तुम्ही आणि भाऊ मिळून करा आणि वारसाचा दस्त जोडा. एकट्याने केलेल्या अर्जावर समोरचा पहिला आक्षेप हाच घेतो.

आता तुमच्या आईच्या ‘शोभा नको’ या म्हणण्याबद्दल. त्यांची भीती खरी आहे, पण मोजणीला त्या तक्रार समजतात आणि तिथे मी त्यांच्याशी सहमत नाही. मोजणीने शेजारपण मोडत नाही. ‘तुम्ही आमची जागा घेतलीत’ या एका वाक्याने ते मोडतं. दादांना असं म्हणून बघा: दादा, बांधकाम तुम्हाला करायचंच आहे, आणि भिंत एकदाच बांधायची आहे. आपण दोघं मिळून अर्ज करू, फी अर्धी-अर्धी. दगड पडतील तिथे बांधा, मग पुढे आमच्या मुलांना आणि तुमच्या मुलांना कोणी काही विचारणार नाही. दादांचाही यात फायदा आहे, कारण चुकीच्या जागी बांधलेली भिंत पाडायचा खर्च त्यांच्याच डोक्यावर येईल. आई हे बोलल्या तर जास्त बरं. भावाला फोनवर राहू द्या.

मोजणीच्या दिवशी पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. तुम्ही हजर होता म्हणून सही करणं वेगळं आणि हद्द मान्य म्हणून सही करणं वेगळं. काही पटलं नसेल तर सहीच्या वर दोन ओळींत लिहा: अमुक खुणेपासून मोजलं नाही, किंवा अमुक दगड मान्य नाही. नंतर सांगितलेल्या आक्षेपाला तितकी धार राहत नाही. दगड रोवला की प्रत्येक दगडाचा जवळच्या दोन पक्क्या गोष्टींपासून टेप लावून फोटो घ्या, उदाहरणार्थ घराचा कोपरा आणि बावडीचा कठडा. कोणी दगड हलवला तरी जागा परत सापडते. हद्दीचा दगड हलवणं हा कायद्याने गुन्हाच आहे, पण तो हलवला हे आधी सिद्ध करावं लागतं.

मग काय होऊ शकतं? समजा दगड चराच्या साठ सेंटिमीटर पलीकडे पडला, म्हणजे चर तुमच्या जागेत आहे. दादांनी मानलं तर विषय संपला. नाही मानलं तर सर्व्हेयरचा अहवाल घेऊन दिवाणी न्यायालयात जायचं. तिथे न्यायालय आपला कमिशनर नेमून पुन्हा मोजणी करायला सांगू शकतं. घाई एवढ्याचसाठी की वई काढून कब्जा घेतला गेला असेल, तर मालकीच्या वादात न शिरता नुसता कब्जा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत करता येतो. मालकीवरून दावा करायला मुदत लांब आहे, बारा वर्षं, पण तो दावा जड असतो.

दगड चराच्या बरोबर रेघेत पडला किंवा तुमच्या बाजूला पडला, तर? तेही मनाशी धरून ठेवा. सर्व्हेचा नकाशा हा सत्तरच्या दशकात मोजणीवाल्यांना जागेवर जे दिसलं त्याची नोंद आहे. ती नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध करता येतं. तो मालकीचा दाखला नाही. तुमच्या वडिलांच्या दस्तात चतुःसीमा वेगळ्या असतील आणि ती जुनी वई खरोखर त्या चतुःसीमेवर असेल, तर नकाशा दुरुस्त करून मागायचा मार्ग आहे, पण तो वेगळा अर्ज आणि वेगळा वाद. मोजणीतून तो सुटत नाही, कारण सर्व्हेयर नकाशाच्या बाहेर जाऊ शकत नाही. दस्तात क्षेत्रफळ एक आणि चतुःसीमा दुसरंच सांगत असतील, तर साधारणपणे चतुःसीमेला वजन मिळतं. म्हणून ‘उताऱ्यात इतके चौरस मीटर, जागेवर इतके’ एवढ्यावर दावा टिकत नाही.

तिसरी शक्यता जास्त वेळा दिसते: फरक वीस-तीस सेंटिमीटरचा, दोघांनाही जीवावर न येणारा. तेव्हा समझोता करा, पण तोंडी नको, आणि पाचशेच्या स्टँप पेपरवर नुसत्या सह्या करूनही भागत नाही. जमिनीची पट्टी एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर दस्त नोंदणीकृतच हवा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसांना माहीत नसते: गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे समाईक असते, म्हणून अशा दस्तावर दोघांचीही सही लागते. तुमच्या बाजूने आई, तुम्ही आणि तुमचे यजमान, भाऊ आणि वहिनी. दादांच्या बाजूने दादा आणि त्यांच्या पत्नी. दादांची जमीन त्यांच्याही भावंडांत वाटलेली नसेल तर ती भावंडं आणि त्यांचे जोडीदारही. पुढच्या पिढीत ‘माझ्या आईची सही नव्हती’ म्हणून असे समझोते फिरवले जातात. जागा देण्याघेण्याचं काही नसून दगडाची रेघ तीच हद्द, एवढंच दोघांना मान्य असेल, तर तसा करार सर्व्हेयरच्या नकाशाची प्रत जोडून करा आणि तोही नोटरीपुढे नाही, नोंदणी कार्यालयात नेऊन करा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी जोडते. शहरी भागात सर्व्हे नंबराऐवजी चलता नंबर आणि पी. टी. शीट असते, आणि तिथला नकाशा बहुधा १:५०० चा, म्हणून मोजण्यातली चूक निम्मी होते. बाकी क्रम तोच. पण हद्दीवर मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत राहण्याचा हक्क असलेल्याचं, घर असेल तर हा क्रम लागू पडत नाही. तिथे मुंडकाराचे हक्क मामलेदारापुढे आधी पाहावे लागतात, आणि कुंपणाची बोलणी त्यानंतर.

ताई, या आठवड्यात फोटो, दादांना पत्र आणि पंचायतीतली चौकशी एवढं करा. प्रमाणित नकाशा हातात आला की त्यावरची रुंदी पुन्हा मोजा, आणि या वेळी टेपचं दुसरं टोक गडग्याला नको, नकाशात सापडणाऱ्या एखाद्या जुन्या खुणेला लावा.